काठावरचा पास आणि एक तळटीप

निकालाच्या दिवशी कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या घरात ‘सुटलो बाबा, काठावर पास’ ऐकू येतंच. हा काठ कुणी आखला, हे मात्र कुणी विचारत नाही. दहावीला विषयात 100 पैकी 35, पेपर सोपा निघो की अवघड. आणि प्रश्न चार पर्यायांचे असले, तर 35 टक्क्यांची गंमतच होते. 20 प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी 5 बरोबर येतात; 35 टक्के म्हणजे 7. अभ्यासाच्या वाट्याला उरले दोन.

काठावरच्या मुलाकडूनच काठ काढून घ्यावा, ही कल्पना 1954 साली शिकागो विद्यापीठातल्या लिओ नेडेल्स्की यांनी मांडली. प्रत्येक प्रश्न घ्या आणि बघा, जेमतेम पास होणारा मुलगा कुठले पर्याय चुकीचे म्हणून खोडू शकेल? दोन खोडले, तर उरलेल्या दोनांत त्याला अर्धा गुण. अशी बेरीज केली की पासाचे गुण. अडचण एवढीच, की एक पर्याय उरला तर 1 आणि दोन उरले तर 0.5. ‘बहुतेक येईल, पण खात्री नाही’ यासाठी जागाच नाही.

मग 1971 साली विल्यम अँगॉफ यांनी शैक्षणिक मापनावरच्या एका जाडजूड ग्रंथात गुणश्रेणींवर लांबलचक प्रकरण लिहिलं. पासाच्या गुणांचा विषय त्यात ओझरता होता. काठावरचा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, प्रत्येक प्रश्न त्याला येईल का ते ठरवा, येईल तर 1, नाही तर 0, असं त्यांनी सुचवलं. खाली तळटीप जोडली: एकाऐवजी असे अनेक विद्यार्थी कल्पा आणि त्यातल्या किती जणांचं उत्तर बरोबर येईल ते सांगा. जगानं उचलली ती तळटीप. आज अँगॉफ पद्धत म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. अँगॉफ यांनीच पुढे सांगितलं, की कल्पना मुळात सहकारी लेडयार्ड टकर यांची. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

समजा, कोल्हापुरातले पाच शिक्षक आठवीची 20 प्रश्नांची चाचणी घेऊन बसले. आधी काठावरचा मुलगा नेमका कोण, यावर बोलणं होतं: ढ नव्हे, वर्गातला सरासरीही नव्हे, पुढच्या वर्गात पाठवलं तर कसाबसा तग धरेल असा. अशा 100 मुलांपैकी किती जणांना प्रश्न येईल, ते प्रत्येकानं गुपचूप लिहायचं. ‘राधानगरी धरण कोणत्या नदीवर?’ याला आकडे पडतात 95, 90, 80, 60, 85. सरासरी 82. एक 60 सोडला तर वाद नाही.

पुढचा प्रश्न: 5000 रुपयांवर दसादशे 10 दरानं दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज. पर्याय 550, 1000, 1050, 1100. आकडे येतात 70, 65, 60, 40, 35, सरासरी 54. 70 लिहिणारे म्हणतात, “हे यायलाच पाहिजे की!” 35 लिहिणाऱ्या बाई म्हणतात, “सर, यायला पाहिजे ते वेगळं. पोरं दुसऱ्या वर्षीपण 5000 च धरतात. हजार दिसला की तिथंच खूण.” दुसऱ्या फेरीत आकडे 45, 50, 45, 40, 35 होतात, सरासरी 43.

सगळी पद्धत या ‘येईल’ आणि ‘यायला पाहिजे’ यांच्यामधल्या फटीत अडकते. बाईंनी वह्या तपासल्यात, म्हणून त्यांना मूल दिसतं. सरांना अभ्यासक्रम दिसतो. बोलून आकडे बदलावेत, पण वयानं मोठ्या असलेल्या सरांच्या धाकानं नव्हे; म्हणून दुसऱ्या फेरीतही लिहायचं ते एकट्यानंच.

वीसही सरासऱ्यांची बेरीज समजा 11.6 आली, म्हणजे 12 ला पास. पुढच्या वर्षी पेपर अवघड निघाला आणि बेरीज 10.3 आली, तर 11 ला. आकडा हलतो, मुलाकडून असलेली अपेक्षा हलत नाही. ‘गेल्या वर्षी 12, यंदा 11 का?’ असं पालकांनी विचारलं, तर प्रश्नागणिक आकड्यांचा कागद दाखवता येतो.

तरी हा अंदाजच. अनुभव असा, की अवघड प्रश्न परीक्षकांना असतो त्याहून सोपा वाटतो आणि सोपा जरा अवघड. सगळे आकडे मध्याकडे सरकतात. ते पकडायचं तर एकूण गुण काठाच्या आसपास असलेल्या मुलांनी तो प्रश्न खरोखर किती सोडवला, ते शेजारी मांडून बघायचं. आणि एखाद्या कागदावर धरणापासून व्याजापर्यंत सगळीकडे 60 च दिसले, तर तो कागद बाजूला ठेवायचा. त्या परीक्षकानं प्रश्न वाचलेच नाहीत. त्यानं 35 च्या जागी 60 बसवलेत एवढंच.