आधी रॅम, मग पडदा

पंखे फिरतायत, दिवे लागलेत, मॉनिटर मात्र काळाच. ‘डिस्प्ले येत नाही’ हे गाऱ्हाणं अंधेरी-बोरिवलीच्या दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीचं, आणि कारागिराचा पहिला हात जातो रॅमवर. या क्रमाचं मूळ १९८१च्या आयबीएम पीसीत आहे.

चालू होताच स्वतःला तपासणारा प्रोग्रॅम, म्हणजे ‘पोस्ट’, त्या यंत्राच्या रॉममध्येच होता. तो आधी प्रोसेसर पाही, मग रॉम, मग रॅमचे पहिले १६ केबी, आणि त्यानंतर पडद्याकडे वळे. पडदाच उभा राहिला नाही तर दोष दाखवायचा कुठे? म्हणून स्पीकर कामाला लावला. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. डिस्प्ले कार्डात खोट असेल तर एक लांब, दोन छोटे. पुढे एएमआयच्या बायोसमध्ये रॅमच्या दोषाला तीन आणि डिस्प्लेच्या मेमरीला आठ बीप ठरले.

हल्ली बऱ्याच बोर्डांसोबत स्पीकर येत नाही, त्यामुळे यंत्र मुकं वाटतं. काहींवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. अडकलेला टप्पा पेटून राहतो.

समजा, ऐन जुलैत घाटकोपरच्या एका घरातलं मशीन असंच बंद पडलं. पंखा १२ व्होल्टवर फिरतो. तो फिरला म्हणून प्रोसेसर चालतोय असं नव्हे. प्रोसेसरजवळची वेगळी पॉवर केबल निसटली, तरी पंखे फिरतच राहतात. ती पाहून, प्लग काढून रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढायच्या, छोटा स्पीकर जोडायचा आणि रॅमशिवायच मशीन चालू करायचं. ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. रॅम नाही म्हणून बीप आले, तर प्रोसेसर आणि बायोस काम करतायत. संशय रॅमवर आणि कार्डावर उरतो. काहीच आवाज नाही, तर दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसमध्ये.

बीप आले असतील तर प्लग पुन्हा काढून एका पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या पुसायच्या (दमट हवेत तिथे थर बसतो) आणि ती एकटीच लावायची, मग दुसऱ्या खाचेत. डीडीआर५ असेल तर काही मिनिटं थांबायचं, कारण पहिल्यांदा मेमरी जुळवून घ्यायला बोर्डाला वेळ लागतो. तरीही अंधारच असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला जोडायचा. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथे दुसरं कार्डच लावून पाहावं लागतं.

बोर्ड बदलायचा सल्ला कोणी दिला, तर रॅम काढून बीप ऐकलेत का, हे आधी विचारा.