शिडीचा समतोल
भिंतीला टेकलेली शिडी पायाशी घसरू पाहते. तिला जमिनीचे घर्षण रोखते. ५ मीटरची, २० किलोची शिडी घ्या. पाया भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणून टोक ४ मीटर उंचीवर. भिंत गुळगुळीत मानू. पायाभोवती परिबले घेतली की जमिनीची बले आपोआप गळतात. रिकाम्या शिडीसाठी भिंतीची प्रतिक्रिया २० × १.५ ÷ ४, म्हणजे ७.५ किलोग्रॅम-भार, घर्षणही तेवढेच लागते. घर्षण गुणांक ०.५ असेल तर घर्षण १० पर्यंत मिळते, म्हणून ती उभी राहते.

६० किलोचा माणूस टोकाला पोहोचला की गरज ५२.५ होते, मिळते फक्त ४०. खरे तर साधारण ३.६ मीटर चढल्यावरच शिडी सुटते. खालच्या पायरीवर उभे राहून घेतलेली खात्री म्हणूनच फसवी. पाया सव्वा मीटरवर आणला, तर टोकावरही सुमारे १८ पुरते.