न फुटलेल्या पेपरची गोष्ट: यूजीसी-नेट, जून २०२४

१८ जून २०२४, मंगळवार. मिरा रोडहून सकाळची लोकल पकडून नेटच्या केंद्रावर गेलेली आमच्या ओळखीतली मुलं संध्याकाळी घरी परतली, आणि दुसऱ्याच रात्री परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली. देशभरात त्या एका दिवसात ९,०८,५८० जणांनी ओएमआर पत्रिकेवर ही परीक्षा दिली होती.

रद्द का झाली? केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राकडून यूजीसीला पेपर फुटल्याचे संकेत मिळाले आणि तपास सीबीआयकडे गेला. टेलिग्रामवर फिरणारा पेपरचा स्क्रीनशॉट हा त्यातला मुख्य धागा. तपासात निघालं भलतंच: त्या स्क्रीनशॉटवरची तारीख-वेळ बदलून तो परीक्षेआधीचा असल्याचं भासवलं होतं. जानेवारी २०२५मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. पण तोवर फेरपरीक्षा होऊन निकालही लागला होता, म्हणजे मागे फिरायला वाटच नव्हती.

फेरपरीक्षा ऑगस्टच्या २१ तारखेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली. जुनेच अर्ज ग्राह्य धरले, तरी बसले ६,८४,२२४ जण. म्हणजे जूनमध्ये आलेल्यांपेक्षा सुमारे सव्वादोन लाख कमी! कुणाची सुट्टी संपली असेल, कुणाचा धीर. निकालाच्या आकड्यांत ही गळती कुठेच दिसत नाही, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

दुसरा बदल गुणांच्या अर्थात झाला. जूनमध्ये एका विषयाचा सगळ्यांना एकच पेपर होता. आता परीक्षा संगणकावर, अनेक दिवस. काही विषयांना एकाहून जास्त सत्रं. मग वेगवेगळ्या पेपरांचे गुण सरळ कसे तोलायचे? म्हणून पर्सेंटाइल: तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शंभरात किती. समजा सत्रात २,००० जण होते आणि १,९०० जण तुमच्याइतके किंवा खाली, तर तुमचे ९५. सोप्या पेपरच्या सत्रात तेवढ्याच गुणांना १,८४० जण असतील, तर ९२. यात एक गृहीतक दडलंय, की दोन्ही सत्रांतले विद्यार्थी साधारण सारख्याच तयारीचे आहेत. छोट्या विषयात ते डळमळतं.

आणि नेमक्या याच फेरीपासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला जोडले गेले होते. जेआरएफ न मिळालेल्या पात्र उमेदवारांसाठी नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. आणि प्रवेशासाठी हा निकाल चालणार एकच वर्ष. वरच्या उदाहरणात ९५चे ६६.५ होतात, ९२चे ६४.४. हा २.१चा फरक भरून काढायला मुलाखतीत ३०पैकी तेवढेच जास्त मिळवावे लागतात. एरवी तो जाणवतही नाही, पण जागा दोन आणि उमेदवार चाळीस असले की जाणवतो.

निकाल लागला १७ ऑक्टोबरला. तोवर जूनच्या भरवशावर जुलै-ऑगस्टमधल्या प्रवेशाचं गणित मांडून बसलेल्यांच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. ज्या विद्यापीठात स्वतःची पेट होती, तिथे निदान दुसरं दार उघडं राहिलं.