‘जणू’चा काळ कसा ओळखावा

डोंबिवलीत इंग्रजी व्याकरण शिकवताना मला दरवर्षी एक नियम मुलांच्या मनातून पुसावा लागतो. ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ आलं की पुढे ‘वेअर’, आणि मुख्य वाक्य भूतकाळी असेल तर ‘हॅड’. मुलं हे पाठ करूनच येतात. नियम निराधार नाही, पण त्याचे दोन्ही भाग अर्धवट आहेत.

ठाणे स्टेशनात आभाळ भरून आलेलं बघून ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन’ म्हटलं, तर तिथे ‘इज’च हवं. पाऊस येईल असं बोलणाऱ्याला खरोखर वाटतंय. ‘ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द स्टेशनमास्टर’ यातला माणूस मात्र स्टेशनमास्तर नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून ‘वेअर’. बोलण्यात इथे ‘वॉज’ही चालतं, परीक्षेत ‘वेअर’ लिहिलेलं बरं.

दुसरा भाग जास्त फसवतो. शेवटची लोकल सुटत असल्यासारखा तो धावला, हे एका मुलाने ‘ही रॅन ॲज इफ द लास्ट लोकल हॅड लेफ्ट’ असं लिहिलं. ‘रॅन’ भूतकाळ, म्हणून ‘हॅड’. पण याचा अर्थ झाला, लोकल आधीच सुटून गेल्यासारखा तो धावला. मग धावायचं कशासाठी? हवं होतं ‘वेअर लीव्हिंग’.

इथे मराठीचं रूपच वाट दाखवतं. तो धावतो म्हणा, धावला म्हणा, ‘सुटत असल्यासारखा’ बदलत नाही. कारण ते रूप आजच्या दिवसाशी नव्हे, धावण्याच्या क्षणाशी बांधलेलं आहे. इंग्रजीतला हा भूतकाळही तसाच मुख्य क्रियापदामागे जात नाही. तेव्हा वाक्य आधी ‘सारखा’मध्ये मांडून पाहावं. गोष्ट खोटी मानलेली असेल, तर ‘सुटत असल्यासारखा’ला साधा किंवा चालू भूतकाळ, ‘सुटल्यासारखा’ला ‘हॅड’, ‘सुटणार असल्यासारखा’ला ‘वुड’ किंवा ‘वेअर गोइंग टू’.

या कसोटीने काळ कळतो, बोलणाऱ्याचा विश्वास कळत नाही. ‘रात्रभर जागल्यासारखा दिसतोस’ हे खरं वाटून म्हटलं असेल तर ‘हॅव’, तो शांत झोपला होता हे माहीत असून म्हटलं असेल तर ‘हॅड’. मराठीत दोन्हींना एकच रूप आहे, तेव्हा तिथे संदर्भच पाहावा लागतो.

उलट्या दिशेची चूक छापील भाषांतरांतही सापडते: ‘तो असा वागतो, जणू तो राजा होता.’ हे वाचून तो पूर्वी कधीतरी राजा होता असंच वाटतं. इंग्रजीत खोटेपणा क्रियापदाच्या भूतकाळात असतो, मराठीत तो ‘जणू’नेच सांगून झालेला असतो. म्हणून आपली उत्प्रेक्षा सरळ स्वार्थात बोलते: जणू राजाच आहे.