तुळस उपटण्याचा हुकूम

१४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक जाहीरनामा काढला. तो मुख्यतः स्थानिक ख्रिस्ती लोकांसाठी होता. पूर्वीच्या धर्मातल्या कोणत्या चालीरीती यापुढे पाळायच्या नाहीत, याची ती यादी होती. पुरुषांनी पुडवें नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, एकादशीचा उपास करू नये. भात शिजवताना त्यात मीठ घालावे, हिंदूंसारखा अळणी शिजवून मागाहून मीठ घेऊ नये, असेही एक कलम आहे. याच यादीत तुळस आहे. घरात, अंगणात, बागेत किंवा इतरत्र कुठेही तुळस लावायची नाही, आणि कुठे असेल तर ती मुळासकट उपटून टाकायची.

हा जाहीरनामा आपल्यापर्यंत पोचला तो बहुतांशी अनंत काकबा प्रियोळकरांमुळे. गोवा इन्क्विझिशनवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यावर बोलणारे बहुतेक जण कपड्यांच्या आणि भाषेच्या बंदीपाशी थांबतात. मला मात्र तुळशीचे कलम सगळ्यात जास्त सांगून जाते असे वाटते, आणि त्याचे कारण तारखांमध्ये आहे.

तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती. साष्टीतली १५६७ च्या आसपास. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे सगळे देव नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात नेले गेले. भटजींना हद्दपार केले गेले, पोथ्या जप्त झाल्या. इन्क्विझिशन १५६० पासून कामाला लागले होते. आणि एवढे सगळे करून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे उलटल्यावर, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबासुद्धा ख्रिस्ती म्हणून जन्मले असतील अशा घरांना सांगावे लागते आहे, की तुळस उपटा. जी गोष्ट कुणी करतच नाही तिच्यावर कोणी बंदी घालत नाही. १७३६ साली त्या अंगणांमध्ये तुळस होती, याचा पुरावा तिच्यावर उठलेल्यांनीच लिहून ठेवला आहे.

ती एवढी का टिकली, हे समजायला रोजची पूजा कशी होते ते आठवावे लागते. सकाळी अंगण झाडून, शेणसडा घालून झाला की घरातली बाई आंघोळ करून तांब्याभर पाणी आणते आणि तुळशीच्या बुंध्याशी घालते. हळदकुंकू आणि एखादे फूल वाहते. मग तुळस उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालते. तीन, पाच, जशी घरची रीत आणि जसा वेळ असेल तशा. दिवेलागणीला वृंदावनाच्या कोनाड्यात पणती ठेवते आणि हात जोडते. यात कुठे भटजी नाही, मूर्ती नाही, पोथी नाही, मुहूर्त नाही. देऊळ पाडले की देवळातली पूजा थांबते, भटजी गेले की होम थांबतो. इथे मात्र थांबवण्यासारखे कोणी नव्हतेच. सासू सुनेला करून दाखवत होती आणि घरातल्या पुरुषांनाही त्यात विचारावे लागत नव्हते.

उपटण्याच्या हुकुमाची दुसरी अडचण खुद्द झाडाची आहे. तुळस फार वर्षे जगत नाही. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखे होते, पाने बारीक होतात, आणि मग जुन्या झाडाच्या जागी नवे लावावे लागते. तोवर मंजिऱ्या वाळून त्यांतले मोहरीपेक्षाही बारीक बी खाली सांडलेले असते. पहिल्या पावसानंतर वृंदावनाच्या फटींत, पायरीपाशी, अगदी गटाराच्या कडेलाही रोपे उगवतात. झाड उपटणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात परत यावे लागणार.

पण पूजा लपवणे मात्र सोपे नव्हते. परसात वांगी-मिरच्यांच्या वाफ्यात उगवलेली तुळस ही नुसती तुळस असते. खोकल्याच्या काढ्यासाठी ठेवली आहे असे म्हणता येते. वृंदावनाचे तसे नाही. जांभ्या दगडाचा, चुन्याचा गिलावा केलेला चौथरा, कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत उंच, वर मातीसाठी पोकळी, एका बाजूला पणतीचा कोनाडा. प्रदक्षिणा घालायची म्हणून तो भिंतीला टेकवता येत नाही, चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवावी लागते. म्हणजे तो अंगणाच्या मध्येच, दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर येतो. शिवाय रोज संध्याकाळी दिवा लागत असेल तर कोनाड्याची वरची बाजू काजळीने काळी होते आणि खाली तेलाचा ओघळ मुरतो. पूजा चालू आहे की नाही हे कुणाला विचारावेही लागत नाही, कोनाड्यात बोट फिरवले की कळते.

तिसवाडी, बार्देश, साष्टीत आज फिरताना ख्रिस्ती घरांसमोर त्याच जागी पांढऱ्या गिलाव्याचा चौथरा आणि त्यावर क्रूस दिसतो. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लागते, कधी शेजारीपाजारी जमून लदीन म्हणतात. अनेक जण याकडे बोट दाखवून सांगतात की हे पूर्वीचे वृंदावनच. इथे जरा जपून बोलायला हवे. जागा तीच, उंची तीच, चौथऱ्याची घडणही पुष्कळदा तीच आहे हे खरे. पण नुसत्या आकारावरून एखाद्या विशिष्ट क्रुसाखाली वृंदावन होते असे सिद्ध होत नाही. पुष्कळसे क्रूस नंतरच्या काळात बांधलेले आहेत. मला एवढेच पटते, की घरासमोरची ती जागा दिवा लावण्याची आहे ही जाणीव धर्म बदलल्यावरही गेली नाही.

नदीच्या पलीकडे चित्र वेगळे राहिले. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण हे महाल पोर्तुगिजांकडे १७६३ ते १७८८ या काळात आले. तेव्हा धर्मांतराचा तो जोर ओसरला होता आणि तिथल्या लोकांच्या धर्मात हात घालायचा नाही असे धोरण होते. म्हणून अंत्रुजात देवळांसमोर आणि जुन्या घरांसमोर भलीमोठी, रंगवलेली, नक्षीदार वृंदावने आजही दिसतात. खुद्द प्रियोळकर ज्या प्रियोळचे, ते गाव याच भागातले, आणि कुठ्ठाळीहून आलेला मंगेशही तिथेच स्थिरावला. तुळशीवरच्या बंदीचा कागद शोधून छापणारा माणूस बंदी न पोचलेल्या गावातला होता.

परदेशात राहणाऱ्यांना या सगळ्यातली एक गोष्ट ओळखीची वाटेल. थंडीत झाड बाहेर टिकत नाही, दहा अंशांच्या खाली गेले की पाने काळवंडून गळतात. म्हणून कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत येते. खिडकीतल्या कुंडीभोवती फिरता येत नाही. मग पाणी घातल्यावर आपण जागच्या जागी स्वतःभोवती उजवीकडून फिरतो. ही सोय आपण इथे येऊन शोधलेली नाही. मुंबईच्या चाळींत गॅलरीतल्या डब्यापुढे बायका हेच करत आल्या आहेत, आणि देवळात गाभाऱ्याभोवती वाट नसेल तिथेही अशीच आत्मप्रदक्षिणा घालतात.

जुन्या गोव्यातल्या त्या घरांमध्ये असे काही होत होते का, वृंदावन गेल्यावर परसातल्या रोपापुढे कुणी गुपचूप स्वतःभोवती फिरत होते का, याची नोंद कोण ठेवणार? ती लपवण्याचीच गोष्ट होती. इन्क्विझिशन मधली काही वर्षे बंद राहून १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले. हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळायला १९१० चे पोर्तुगीज प्रजासत्ताक यावे लागले. आता म्हापशाच्या आसपासच्या वाड्यांवर दोन शेजारच्या अंगणांत एकीकडे क्रूस आणि एकीकडे टाइल लावलेले सिमेंटचे वृंदावन असे सहज दिसते. अशा वृंदावनाच्या कोनाड्यात आता बऱ्याच ठिकाणी विजेचा छोटा दिवा असतो. त्याची काजळी धरत नाही.