कंगोरेदार तव्याची कुळकथा

प्रताप नगरातल्या आमच्या ओट्यावर बिडाचा कंगोरेदार ग्रिल पॅन आहे. दिसायला तव्याचा भाऊ, पण त्याचं कूळ वेगळं. त्याचा मूळ पुरुष म्हणजे निखाऱ्यांवर ठेवायची लोखंडी जाळी, जी रोमन लोकांच्याही स्वयंपाकघरात होती. जाळीची मोठी अडचण चरबीची. ती निखाऱ्यांवर ठिबकली की भडका उडे आणि मांसाला धूर लागे. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जाळीच्या सळ्यांना पन्हाळी पाडू लागले. चरबी तीतून वाहत पुढच्या भांड्यात जमे. ग्रिल पॅनमध्ये सळ्यांखाली सलग तळच आला आणि जाळी गॅसवर चढली.

लंडनच्या विल्यम किचनर यांचं ‘द कुक्स ओरॅकल’ 1817 साली निघालं. त्यांची सूचना अशी, की जाळी आधी पूर्ण तापवावी आणि मांसावर सळ्यांचे डाग पडू नयेत म्हणून सळ्यांना मेंढीची चरबी चोळावी. म्हणजे आज ज्या पट्ट्यांसाठी आपण जीव टाकतो, तो तेव्हा दोष होता! तापवण्याचा नियम मात्र तसाच टिकला. बीड सावकाश तापतं आणि ज्योतीवरचा भाग आधी तापतो, म्हणून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्यावीत. पाण्याचा थेंब कडेच्या कंगोऱ्यावरही चुर्रकन उडाला, की पॅन तयार.

चरबीची जागा सळ्यांवरून पदार्थावर आली ती तळामुळे. पॅनमध्ये तेल ओतलं तर ते खाचांत उतरतं, पदार्थाला न लागताच जळतं आणि घरभर धूर करतं. त्याचा चिकट थर घासूनही निघत नाही. तेच तेल पनीरला लावलं, तर कंगोरा आणि पनीर यांच्यातली बारीक फट भरते आणि उष्णता सलग पोचते. घाण्याचं जवसाचं तेल इथे नको, ते फार लवकर धुरतं. रिफाइंड शेंगदाणा तेल बरं.

पनीरचे बोटभर जाड तुकडे फडक्याने कोरडे टिपावेत. ओल राहिली तर उष्णता वाफ करण्यातच जाते आणि पट्टे फिकट येतात. तेलाचा हात फिरवून तुकडे ठेवले, की दोनेक मिनिटं हलवू नयेत. मग कोपरा उलथन्याने उचलून पाहावा. चिकटला असेल तर पट्टा अजून धरलेला नाही. सहज सुटला तर चौकडीसाठी काटकोनात वळवावा. पालटताना तुकडा रिकाम्या कंगोऱ्यांवर ठेवावा, कारण आधीच्या जागेची उष्णता पनीरने ओढून घेतलेली असते.

हा पॅन चपट्या पदार्थांचाच. वांग्याच्या चकत्या छान होतात, पण भरताचं अख्खं वांगं कंगोऱ्यांना जेमतेम एका रेषेत टेकतं. त्याला चारी बाजूंनी जाळच हवा, तुराट्यांचा मिळाला तर उत्तमच.