श्रीपतीची भावसंधी

पत्रिकेत मंगळ दुसऱ्या घरात. गुरुजी पान उलटतात आणि म्हणतात, "चलितात पहिल्यात आलाय, म्हणजे मुलीला मंगळ आहे." ग्रह तोच, आकाशही तेच; मग घर कोणी बदललं?

जुन्या पद्धतीत राशी हेच घर. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त बहुतेक फलादेश याच हिशेबाने येतो. लग्नराशी पहिलं घर, पुढची राशी दुसरं. पण मेष लग्न 1 अंशावर असो की 29 वर, कुंडली तीच निघते. दशमाची अडचण आणखी मोठी. माथ्यावरून जाणाऱ्या मध्यान्हवृत्ताला क्रांतिवृत्त छेदतं तो दशमबिंदू लग्नापासून दर वेळी बरोबर 90 अंशांवर नसतो.

अकराव्या शतकातल्या श्रीपतीच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हा फरक हिशेबात घेते. हे गृहस्थ रोहिणीखंडचे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडचे मानले जातात. लग्न आणि दशम यांतल्या अंतराचे तीन सारखे भाग करायचे, एवढीच त्यातली युक्ती. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक पॉर्फिरीच्या नावावरही हीच विभागणी आहे. पण तिथे मिळालेला बिंदू घराचा उंबरठा ठरतो आणि आपल्याकडे घराचा मध्य. दोन मध्यांच्या अर्ध्यावर भावसंधी. या संधींनी आखलेली घरं म्हणजेच गुरुजींचं चलित.

रोहिणखेडच्याच अक्षांशावरचं उदाहरण घेऊ. लग्न मेष 25 अंश, दशम मकर 13. दशमासमोरचं चतुर्थ कर्क 13. लग्न ते चतुर्थ अंतर 78 अंश, त्याचा तिसरा हिस्सा 26. म्हणून दुसऱ्या भावाचा मध्य वृषभ 21 वर आणि पहिल्या-दुसऱ्याची संधी वृषभ 8 वर. मंगळ वृषभ 5 वर असेल तर तो संधीच्या अलीकडे, पहिल्या भावात राहतो. रास मात्र वृषभच. तिचा स्वामी शुक्रच. ग्रह सरकलेला नाही, भिंत सरकली आहे. दशम ते लग्न हे अंतर 102 अंश, त्यामुळे बारावा भाव 34 अंशांचा होतो आणि दुसरा 26 चा. विषुववृत्तापासून दूर गेलं की ही तफावत आणखी वाढत जाते.

आता तो मंगळ. 1, 4, 7, 8, 12 ही आपल्याकडची मंगळाची घरं. दुसऱ्यात निर्दोष असलेला ग्रह चलिताने दोषी ठरला. पण याच पत्रिकेत जन्मवेळ पंधरा मिनिटं आधीची धरली तर लग्न चार-साडेचार अंश मागे येतं, संधी वृषभ 4 च्याही अलीकडे जाते आणि मंगळ पुन्हा दुसऱ्यात. घड्याळ बघून नर्सने वेळ कधी लिहिली, यावर हे ठरणार! मंगळाने लग्न बिघडतं की नाही हा श्रद्धेचा भाग. त्रैराशिक मात्र कुणीही तपासून पाहावं. म्हणून चलित दाखवणाऱ्याला आधी एकच विचारावं: ग्रह संधीपासून किती अंशांवर आहे?